एकच प्रश्न, दोन कामं: ‘घनता’ शिकवताना आकारिक आणि संकलित मूल्यमापन

प्रश्न: मी सातवीला विज्ञान शिकवते. आकारिक आणि संकलित मूल्यमापनात नेमका फरक काय? मी घटकाच्या मध्येही चाचणी घेते आणि शेवटीही चाचणीच घेते, मग पहिलीला आकारिक का म्हणायचं? एखादा घटक धरून दोन्हींची नमुना कामं सांगाल का?

उत्तर:

चाचणी मध्ये घेतली की शेवटी, तोंडी की लेखी, दहा गुणांची की बिनगुणांची, यावर फरक ठरत नाही. मुलांची उत्तरं हातात आल्यावर तुम्ही त्यांचं काय करता, यावर तो ठरतो. उत्तरं वाचून उद्याचा तास बदलणार असेल आणि मुलाला आपली चूक दुरुस्त करायची संधी मिळणार असेल, तर ते आकारिक. घटक शिकवून झाल्यावर मूल कुठवर पोचलं हे ठरवून त्याची नोंद करायची असेल आणि ती नोंद पालकांना, पुढच्या शिक्षकांना, शाळेला द्यायची असेल, तर ते संकलित. मध्ये चाचणी घेतली, तपासली, गुण वहीत टाकले आणि दुसऱ्या दिवशी ठरलेलाच पुढचा मुद्दा सुरू केला, तर ती छोटी संकलित चाचणीच झाली, फक्त लवकर घेतलेली. तुमचा गोंधळ बहुधा इथेच आहे, आणि तो अगदी रास्त आहे.

हे दोन शब्द मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये वापरले, तेही मुलांसाठी नव्हे, अभ्यासक्रमांसाठी. अभ्यासक्रम तयार होत असताना तो सुधारण्यासाठी केलेली पाहणी एक, आणि तयार झालेल्या अभ्यासक्रमाची पारख दुसरी. पुढे बेंजामिन ब्लूम यांनी हीच विभागणी मुलांच्या शिकण्याला लावली. मूळ अर्थ लक्षात ठेवला की पुष्कळ गोंधळ मिटतो: एक पाहणी घडत असलेल्या गोष्टीला आकार देते, दुसरी घडून गेलेल्या गोष्टीचं माप घेते.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. मुलांची उत्तरं आली त्याऐवजी अगदी वेगळी आली असती, तर मी उद्या काही वेगळं केलं असतं का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर त्या कामाला मी आकारिक म्हणत नाही.

आता घटक. मी ‘घनता, तरंगणं आणि बुडणं’ हा घेतो, कारण यात सूत्र सोपं आहे आणि कल्पना अवघड आहे. सूत्राची उदाहरणं बिनचूक सोडवणाऱ्या मुलाला कल्पना अजिबात समजलेली नाही, असं या घटकात फार वेळा घडतं. साधारण नऊ तासांचा घटक धरा. शेवटी मुलाला चार गोष्टी यायला हव्यात: वस्तुमान आणि आकारमान मोजणं, त्यावरून घनता काढणं, घनता हा पदार्थाचा गुण आहे, तुकड्याचा नाही, हे समजणं, आणि एखादी वस्तू एखाद्या द्रवात तरंगेल की बुडेल हे कारणासह सांगणं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. आकारिक कामांचा भर मी तिच्यावरच ठेवतो.

पहिलं काम: मेणबत्ती आणि टाचणी

पहिल्या तासाला, काहीही शिकवण्याआधी, टेबलावर पाण्याचं भांडं, एक जाड मेणबत्ती आणि एक टाचणी ठेवायची. काय होईल हे मुलांनी आधी चिठ्ठीवर लिहायचं, मग प्रत्यक्ष पाहायचं, आणि मग एकाच वाक्यात लिहायचं: मेणबत्ती टाचणीपेक्षा कितीतरी जड असून तरंगते आणि टाचणी बुडते, असं का?

इथे एक काळजी घ्या. कोरडी टाचणी पाण्यावर अलगद आडवी ठेवली तर पृष्ठताणामुळे ती तरंगू शकते, आणि मग सगळा तास भलतीकडे जातो. टाचणी टोक खाली करून सोडा किंवा बोटाने एकदा पाण्याखाली ढकला.

चिठ्ठ्यांवर गुण द्यायचे नाहीत. त्यांचे गठ्ठे करायचे, पाच-सात मिनिटांचं काम आहे. ‘मेणबत्ती मोठी आहे म्हणून’ हा एक गठ्ठा. ‘मेणबत्तीत हवा असते’ हा दुसरा. ‘टाचणी टोकदार आहे, ती पाणी कापत जाते’ हा तिसरा. चौथा गठ्ठा ‘लोखंड जड असतं’ म्हणणाऱ्यांचा, आणि तो मी सगळ्यात जपून वाचतो. मराठीत ‘जड’ हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो. ‘ही पिशवी जड आहे’ म्हणताना आपण वजनाबद्दल बोलतो, आणि ‘लोखंड लाकडापेक्षा जड असतं’ म्हणताना खरं तर घनतेबद्दल. लोखंड जड असं लिहिणाऱ्या मुलाच्या मनात यातलं काय आहे, हे चिठ्ठीवरून कळत नाही. म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा: ‘टाचणी जड की मेणबत्ती?’ जो मुलगा थबकतो आणि म्हणतो, ‘मेणबत्तीच जड, पण लोखंड हा पदार्थच जड,’ तो घनतेच्या दारात उभा आहे. त्याला फक्त शब्द द्यायचा आहे. जो म्हणतो, ‘टाचणीच जड,’ त्याच्या हातात तराजू द्यायला हवा.

या गठ्ठ्यांवरून दुसरा तास ठरतो. हवेचा गठ्ठा मोठा असेल, तर मेणबत्ती कापून आतून भरीव असल्याचं दाखवायचं आणि कापलेले दोन असमान तुकडे पाण्यात टाकायचे. आकाराचा गठ्ठा मोठा असेल, तर तेच तुकडे, पण प्रश्न वेगळा: मोठा तुकडा बुडेल का, लहान बुडेल का? दोन्ही तरंगतात. हे पाहताना मुलं जे बोलतात ते ऐकणं हेसुद्धा मूल्यमापनच आहे, आणि त्याला कागद लागत नाही.

दुसरं काम: दगडाचं आकारमान

तिसऱ्या-चौथ्या तासाला मुलं मोजपात्रात पाणी घेऊन त्यात दोरा बांधलेला दगड सोडतात आणि पाण्याच्या पातळीतल्या फरकावरून आकारमान काढतात. गट काम करत असताना मी हातात एक कागद घेऊन फिरतो. त्यावर मुलांची नावं आणि चार रकाने असतात: पातळी डोळ्याच्या रेषेत आणून वाचली का, पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचला का, दगड पूर्ण बुडाला आणि त्याला चिकटलेले बुडबुडे निघाले का, आणि आधीची व नंतरची पातळी वेगवेगळी लिहिली का. जे चुकलं तिथे खूण करायची. बरोबर केलेल्यांपुढे काही लिहायचं नाही, नाहीतर तास लिहिण्यातच जातो.

इथे होणारी एक चूक बारकाईने पाहण्यासारखी आहे. समजा, दगडाचं वस्तुमान ३१.२ ग्रॅम आहे. पाणी आधी ५० मिलिलिटरवर होतं, दगड सोडल्यावर ६२ वर आलं. आकारमान १२ घनसेंटीमीटर, म्हणून घनता २.६ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. पण काही मुलं ६२ हेच आकारमान धरतात आणि ३१.२ ला ६२ ने भागून ०.५ लिहितात. भागाकार बरोबर, एकक बरोबर, वही नेटकी. लाल शाईने फुली मारून शेजारी २.६ लिहिलं, तर मूल ते उतरवून घेईल आणि त्यातून काही शिकणार नाही.

मी अशा वेळी वहीत एवढंच लिहितो: ‘तुझ्या दगडाची घनता पाण्याच्या घनतेच्या निम्मी आली आहे. असा दगड पाण्यात टाकला तर काय व्हायला हवं? टाकून बघ आणि मग तुझी मोजमापं पुन्हा वाच.’ एका मुलीने हे वाचून दगड पुन्हा पाण्यात सोडला, बुडालेला पाहिला आणि बराच वेळ मोजपात्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘सर, मी पाण्याचंपण आकारमान धरलं.’ तिची चूक तिलाच सापडली, आणि ०.५ या आकड्यातून तरंगणं-बुडणं वाचता येतं हेही तिला त्याच वेळी उमगलं. आकारिक अभिप्राय म्हणजे मुलाच्या हातात दिलेलं पुढचं काम. ‘छान प्रयत्न’, ‘अजून लक्ष दे’ हे शेरे त्यात बसत नाहीत, कारण त्या शेऱ्यांनंतर मुलाने काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं.

या टप्प्यावर गुण का देत नाही, हे सांगायला हवं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना नुसते शेरे दिले, काहींना नुसते गुण, आणि काहींना गुण व शेरे दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसते शेरे मिळालेल्यांची. गुणांसोबत शेरे दिले तेव्हा शेऱ्यांचा फायदा उरला नाही. वर्गात हे रोज दिसतं: वही परत मिळाली की नजर आधी आकड्यावर जाते, मग शेजाऱ्याच्या आकड्यावर, आणि वही मिटते.

तिसरं काम: तासाच्या मध्यावरचा एक प्रश्न

पाचव्या तासापर्यंत सूत्र येऊन गेलेलं असतं. पुढे जायचं की थांबायचं, हे एका प्रश्नावर ठरवायचं. प्रश्न असा:

ॲल्युमिनिअमच्या एका ठोकळ्याचं वस्तुमान ५४ ग्रॅम आणि आकारमान २० घनसेंटीमीटर आहे. त्याची घनता २.७ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. ठोकळा बरोबर मध्ये कापला. एका अर्ध्या तुकड्याची घनता किती?
(अ) १.३५ (ब) २.७ (क) ५.४ (ड) पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही

मुलांनी एक मिनिट विचार करायचा, बोलायचं नाही, आणि मी ‘दाखवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम बोटांनी उत्तर दाखवायचं: अ साठी एक, ब साठी दोन, असं. एकदमच दाखवायचं, कारण नाहीतर हुशार समजल्या जाणाऱ्या दोन मुलांची बोटं पाहून बाकीची बोटं वर येतात. ‘समजलं का?’ असं विचारून मिळणाऱ्या एकसुरी ‘हो’पेक्षा हे कितीतरी खरं असतं.

या प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक समजुतीतून आलेला आहे, आणि त्यातच त्याची किंमत आहे. (अ) निवडणारा मानतो की तुकडा निम्मा झाला म्हणजे त्याचं सगळंच निम्मं झालं. घनता त्याला वस्तुमानासारखीच एक ‘किती आहे’ सांगणारी गोष्ट वाटते. (क) निवडणारा सूत्राशी खेळतो आहे: आकारमान निम्मं केलं, वस्तुमान मात्र ५४ च ठेवलं. (ड) निवडणारं मूल सावध आहे, त्याला मोजमाप कळतं, पण घनता पदार्थाला चिकटलेली आहे हे अजून कळलेलं नाही. चुकीचे पर्याय नुसते आकडे बदलून तयार केले असते, तर उत्तरं मोजता आली असती, वाचता आली नसती.

समजा, ३६ मुलांच्या वर्गात अ ला ११, ब ला १४, क ला ७ आणि ड ला ४ बोटं आली. निम्म्याहून जास्त वर्ग चुकला आहे, म्हणून पुढचा मुद्दा सुरू करायचा नाही. पण तेच स्पष्टीकरण मोठ्या आवाजात पुन्हा सांगूनही उपयोग नाही. (क) च्या सात जणांना एकच प्रश्न पुरतो: ‘कापलेला अर्धा भाग तराजूवर ठेवला तर काटा कुठे जाईल?’ त्यांची चूक निष्काळजीपणाची आहे, लगेच सुटते. (अ) च्या अकरा जणांना मात्र बोलून पटत नाही. त्यांच्यासाठी सहावा तास बदलायचा. मातीकामाच्या चिकणमातीच्या एकाच गोळ्यातून प्रत्येक गटाने लहान-मोठे चार-पाच तुकडे करायचे, प्रत्येकाचं वस्तुमान आणि आकारमान मोजायचं आणि आलेखावर बिंदू टाकायचे, आडव्या अक्षावर आकारमान, उभ्या अक्षावर वस्तुमान. सगळे बिंदू शून्यातून जाणाऱ्या एका सरळ रेषेच्या आसपास पडतात. ‘लहान तुकडा त्या रेषेवरून खाली का घसरला नाही?’ या प्रश्नावर (अ) ची मुलं आणि (ब) ची मुलं एकमेकांशी बोलू लागली की माझं निम्मं काम होतं.

याची मर्यादाही ध्यानात ठेवा. चार पर्यायांत अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चारात एक असते. त्या १४ जणांत अंदाज करणारेही आहेत. म्हणून बोटं खाली गेल्यावर (ब) वाल्यांपैकी दोघा-तिघांना कारण विचारायचं आणि ‘अर्ध्या तुकड्याचं दोन्ही निम्मं झालं, म्हणून भागाकार तोच’ किंवा ‘ॲल्युमिनिअम ते ॲल्युमिनिअमच’ असं काही ऐकू येतं का ते पाहायचं. एका प्रश्नावरून उद्याचा तास ठरवणं चालतं, कारण अंदाज चुकला तर परवा दुरुस्त करता येतो. एका प्रश्नावरून मुलाची श्रेणी ठरवणं चालत नाही, कारण ती नोंद मागे राहते. आकारिक काम जलद आणि काहीसं ओबडधोबड असलं तरी भागतं. संकलित कामाला जास्त काटेकोरपणा लागतो, त्याचं कारण हेच.

संकलित मूल्यमापन: नवव्या तासानंतर

इथे मदत थांबते. सगळ्यांना सारखा वेळ, सारख्या सूचना, आणि तपासण्याचे निकष उत्तरं वाचण्याआधीच ठरलेले. प्रश्न मात्र मुलांनी वर्गात पाहिलेले नसावेत. मेणबत्ती आणि टाचणीच पुन्हा विचारली, तर आठवण तपासली जाते, समज नाही. मी २५ गुणांची आखणी करतो: ८ गुणांचं प्रात्यक्षिक आणि १७ गुणांचा लेखी भाग. लेखीतले तीन गुण साध्या गणितांना, बाकीचे कल्पनेला.

प्रात्यक्षिकात मुलाला एक रंगवलेला तुकडा मिळतो आणि एक तक्ता: नायलॉन १.१५, ॲल्युमिनिअम २.७, लोखंड ७.९ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. तुकडा कशाचा आहे ते पुराव्यासह सांगायचं. तक्त्यातले पदार्थ निवडताना मी एकदा चुकलो होतो. लोखंड आणि पितळ एकत्र दिलं होतं. पितळाची घनता साधारण ८.५. तुकडा ५ घनसेंटीमीटरचा, आणि साध्या मोजपात्रात अर्ध्या मिलिलिटरची चूक सहज होते. लोखंडाचा ३९.५ ग्रॅमचा तुकडा, आकारमान ५ ऐवजी ४.५ वाचलं गेलं, की घनता ८.८ येते आणि काळजीपूर्वक मोजणारं मूलही ‘पितळ’ लिहून मोकळं होतं. त्या चुकीचा दोष मुलाकडे जात नाही, माझ्या प्रश्नाकडे जातो. तक्त्यातल्या घनता एकमेकींपासून इतक्या लांब हव्यात की शाळेच्या साधनांतल्या चुकीने उत्तर पालटू नये.

आठ गुण असे: एककासह वस्तुमान १, आधीची आणि नंतरची पातळी वेगवेगळी नोंदवली २, फरक काढला १, घनता २, पदार्थाचं नाव आणि त्यासाठी तक्त्याचा आधार १, मोजमापातली एक संभाव्य चूक आणि तिच्यामुळे घनता वाढेल की कमी होईल हे १. नावाला एकच गुण आहे, कारण तुकडा हातात घेऊन ‘लोखंड’ कोणीही ओळखेल. शेवटच्या गुणासाठी ‘चूक झाली असेल’ एवढं पुरत नाही. ‘बुडबुडा चिकटला असेल तर आकारमान जास्त येतं आणि घनता कमी’ असं हवं. ३६ मुलांसाठी सहा टेबलं मांडली आणि प्रत्येकाला बारा मिनिटं दिली, तर ४० मिनिटांच्या तासाला १८ मुलं होतात. दोन तास धरा, आणि उरलेल्यांना त्या वेळात लेखी भागातली गणितं द्या. दुसऱ्या दिवशीच्या मुलांचे तुकडे बदला.

लेखी भागातले माझे आवडते दोन प्रश्न असे.

पहिला आलेखाचा, ५ गुणांचा. आलेखावर प आणि फ या दोन पदार्थांच्या रेषा आहेत. १० घनसेंटीमीटरला प ची रेषा ८ ग्रॅमवर आणि फ ची २५ ग्रॅमवर आहे. दोघांची घनता काढा (२). त्याच आलेखावर पाण्याची रेषा काढा (१). प चा ५ घनसेंटीमीटरचा आणि ५०० घनसेंटीमीटरचा तुकडा पाण्यात टाकला तर प्रत्येकाचं काय होईल, आलेखाच्या आधारे सांगा (२). पाण्याची रेषा १० घनसेंटीमीटरला १० ग्रॅममधून जाते. ज्या पदार्थाची रेषा तिच्याखाली तो तरंगतो, ज्याची वर तो बुडतो. घनता समजलेलं मूल ५०० हा आकडा पाहून डगमगत नाही. न समजलेलं मूल घनता बरोबर काढून पुढच्याच ओळीत ‘मोठा तुकडा जड असल्याने बुडेल’ असं लिहितं. पाचव्या तासाचा तोच प्रश्न इथे नव्या वेशात आला आहे: तेव्हा उत्तरावरून माझा तास बदलला, आता उत्तरावरून मुलाची नोंद होते.

दुसरा ६ गुणांचा. पत्र्याच्या बंद डब्याचं वस्तुमान ५४० ग्रॅम आणि बाहेरून मोजलेलं आकारमान ९०० घनसेंटीमीटर आहे. पत्र्याची घनता ७.८ आहे, तरी डबा पाण्यावर तरंगतो. का? (२) डब्यात वाळू भरत गेलो तर किती ग्रॅमपर्यंत तो बुडणार नाही? (२) डब्याला वर आणि तळाशी भोकं पडून आत पाणी भरलं तर काय होईल, आणि का? (२) पहिल्याचं उत्तर सरासरी घनतेत आहे: ५४० भागिले ९०० म्हणजे ०.६, पाण्यापेक्षा कमी. दुसऱ्याचं ३६० ग्रॅम, कारण एकूण वस्तुमान ९०० ग्रॅम झालं की सरासरी घनता पाण्याइतकी होते. तिसऱ्यात आत शिरलेलं पाणी वस्तुमान वाढवतं, बाहेरचं आकारमान तेवढंच राहतं, म्हणून सरासरी घनता पाण्यापेक्षा जास्त होते आणि डबा बुडतो. ‘पाणी भरलं म्हणून जड झाला’ याला एकच गुण, कारण आकारमानाचा विचार त्यात नाही.

लेखीत ३ गुणांचा एक छोटा प्रश्नही असतो: बर्फाची घनता ०.९२, पाण्याची १.००, इथेनॉलची ०.७९. बर्फाचा खडा दोन्हींत टाकला तर काय दिसेल? बर्फ नेहमी तरंगतोच असं पाठ केलेली मुलं इथे अडतात.

तपासताना एक नियम पाळा. एखाद्याने सरासरी घनता ०.६ ऐवजी गणिताच्या चुकीने १.६ काढली आणि त्यावरून ‘डबा बुडायला हवा’ असा सुसंगत निष्कर्ष लिहिला, तर गणिताचा गुण कापा, निष्कर्षाचा देऊ नका, कारण डबा तरंगतो हे प्रश्नातच सांगितलं आहे. पण प्रात्यक्षिकात चुकीच्या आकारमानावरून पुढची पायरी रीतसर केली असेल, तर त्या पायरीचे गुण द्यायचे. एकाच चुकीची शिक्षा दोनदा होऊ नये. शक्य असेल तर सहा-सात उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या. दोघांचे गुण जिथे दोनपेक्षा जास्त फरकाने वेगळे येतील, तिथे निकषाची भाषा धूसर आहे असं समजा.

राहिला गुणांच्या वहीचा प्रश्न, कारण बऱ्याच ठिकाणी आकारिक कामांनाही गुण नोंदवावे लागतात. तसं असेल तर सगळ्या कामांची सरासरी काढू नका. एका मुलाला घनतेवरच्या चार छोट्या कामांत दहापैकी २, ३, ९, १० मिळाले, तर सरासरी ६ येते. पण आज त्याला घनता समजलेली आहे. तो ६ चा मुलगा नाही. सरासरी त्याला पहिल्या आठवड्यात न समजल्याबद्दल दंड करते, आणि न समजण्याचा हक्क तर त्या आठवड्यात त्याला होताच. दुरुस्तीनंतरच्या शेवटच्या एक-दोन कामांचेच गुण वहीत घ्या. पहिल्या चिठ्ठ्या आणि बोटांची उत्तरं वहीत जाणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगा आणि ते पाळा. एकदा जरी मेणबत्तीच्या चिठ्ठीला गुण दिले, तरी पुढच्या वेळी चिठ्ठीवर मुलाचा स्वतःचा विचार येणार नाही, शेजाऱ्याचं उत्तर येईल.

संकलित चाचणीचे कागदही प्रश्नवार एकदा पाहून ठेवा. आलेखाच्या प्रश्नातला ५०० घनसेंटीमीटरचा भाग बऱ्याच जणांचा चुकला असेल, तर या मुलांची नोंद आता बदलणार नाही. पण पुढच्या घटकात दाब आला, तर पहिल्या तासाला तुमच्या टेबलावर कोणत्या वस्तू ठेवायच्या हे त्या कागदांवरून ठरवता येईल: एकाच पदार्थाच्या दोन विटा, एक आडवी आणि एक उभी.